मदत हवी आहे: क्रॉलरची कामवाटणी होस्टनुसार करावी की आयपीनुसार?

क्रॉलर ८ मशीनवर चालतो. होस्टनावाचा हॅश काढून होस्ट मशीनला दिला जातो, त्यामुळे एका साइटची रांग आणि पाहिलेल्या यूआरएलची नोंद एकाच मशीनवर राहते. पुनरावृत्तीसाठी ब्लूम फिल्टर आहे. १०० कोटी यूआरएल आणि १% चूक धरली तर एकूण साधारण १.२ जीबी, म्हणजे प्रत्येक मशीनवर जेमतेम १५० एमबी. इथवर सगळं ठीक.

अडचण शेअर्ड होस्टिंगची. समजा, ४०० छोटे ब्लॉग एकाच आयपीवर आहेत आणि प्रत्येक होस्टला १० सेकंदांचं अंतर ठेवलंय. प्रत्येक मशीन आपापल्या परीने सभ्यच वागतं, पण त्या बिचाऱ्या सर्व्हरवर सेकंदाला ४० विनंत्या आदळतात. आधी प्रतिसाद मंदावतो, मग 429 आणि 503 सुरू होतात.

आयपीनुसार वाटणी केली, तर डीएनएस बदलताच होस्ट दुसऱ्या मशीनकडे जातो, जुनी नोंद मागे राहते आणि तीच पानं पुन्हा उतरवली जातात. शिवाय सीडीएनच्या एका आयपीमागे हजारो साइट असतात, त्या विनाकारण रखडतात.

म्हणून वाटणी होस्टनुसारच ठेवून विनंतीआधी रेडिसमध्ये आयपीची पाळी घ्यायचा विचार आहे:

```
SET ip:203.0.113.7 1 NX PX 2000
```

उत्तर `OK` आलं नाही, तर होस्ट पुन्हा रांगेत. पण मोठ्या आयपीवर सगळी मशीन नुसतीच हेलपाटे घालतील, असं वाटतं. हे कुणी कसं सोडवलंय? आणि सीडीएनचे आयपी वेगळे कसे ओळखता?