वॉरंटनंतरची पर शेअर व्हॅल्यू, बायबॅक नक्की कोणत्या भावाने धरायचा? मदत हवी आहे
एका व्हॅल्युएशनमध्ये अडकलोय. माझ्या मॉडेलने इक्विटी व्हॅल्यू 624 लाख काढली, शेअर 10 लाख, वॉरंट 2 लाख, एक्सरसाइज प्राइस 40 आणि बाजारभाव 50. ट्रेझरी स्टॉक मेथडने 80 लाख येतात, त्यातून 50 च्या भावाने 1.6 लाख शेअर परत घेतले, म्हणजे निव्वळ वाढ फक्त 0.4 लाख, आणि 624 भागिले 10.4 म्हणजे बरोबर 60.

पण शेअर 60 चा आहे असं मीच म्हणतोय तर बायबॅक 50 ने कसा मिळेल? 60 धरला की उत्तर बदलतं, फिरवत फिरवत ते 58.67 वर थांबतं, आणि गंमत म्हणजे (624+80)/12 सुद्धा तेवढंच येतं. ईपीएससाठी सरासरी बाजारभाव घेतात ते माहितीय, पण व्हॅल्युएशनमध्ये तुम्ही कोणता घेता?