मदत हवी आहे: फ्रेंच प्रेसला किती चमचे कॉफी, किती पाणी? वजनकाटा नाही

सायली_प
नमस्कार. भावाने फ्रेंच प्रेस दिला आहे, ३५० मिलीचा. खोक्यावर "३ कप" आणि "प्रत्येक कपाला एक स्कूप" असं लिहिलंय. सोबतचा स्कूप हरवला. म्हणून मी ३ चहाचे चमचे पावडर घातली, पाणी काठापासून बोटभर खाली. कॉफी अगदी पाणचट झाली, नुसता रंग आला. घरात वजनकाटा नाही आणि एवढ्यासाठी घ्यायचाही नाही. चमच्या-वाटीच्या मापात कुणी सांगेल का? पावडर जाडसर रव्यासारखी दळलेली आहे, चिकोरी नाही.

नंदू_काका
एक चमचा पावडर, एक चमचा साखर, थोडं पाणी घालून पांढरं होईपर्यंत फेटायचं आणि वर गरम दूध ओतायचं. आम्ही तीस वर्षं असंच करतो, कधी बिघडत नाही.

सायली_प
काका, ती इन्स्टंटची झाली. ही पावडर विरघळत नाही, खाली गाळ राहतो.

अमेय७७
सोपं आहे. कपाला दोन टेबलस्पून, सगळीकडे हेच प्रमाण. तुमच्या मगाला दोन घाला.

बाबाबुदन
अमेय, प्रमाण बरोबर आहे, पण त्यातला कप साधारण १८० मिलीचा असतो. आपल्या घरातला मोठा मग अडीचशे-तीनशेचा, त्यात दोनच चमचे घातले तर पुन्हा पाणचटच होणार. आणि सायलीताईंच्या खोक्यावरचा कप तर त्याहून लहान, १२० मिलीच्या आसपास. म्हणून ३५० मिलीच्या भांड्याला "३ कप" म्हणतात. "कप" हा शब्दच बाजूला ठेवा आणि मिलीत मोजा.

ताई, चूक चमच्याची झाली. चहाचा चमचा ५ मिलीचा, टेबलस्पून १५ मिलीचा. जाडसर दळलेली कॉफी सपाट टेबलस्पूनमध्ये साधारण ५ ग्रॅम बसते, म्हणजे तुमच्या तीन चमच्यांत मिळून जेमतेम ५ ग्रॅम गेली. कॉफीच्या पंधरापट पाणी धरा. ३०० मिली पाण्याला २० ग्रॅम, म्हणजे ४ सपाट टेबलस्पून. शीग लावू नका. शिगेचा चमचा कधी ७ ग्रॅम भरतो, कधी ९, मग रोज चव वेगळी.

चमच्याची खात्री करायची तर नवं २५० ग्रॅमचं पाकीट सपाट चमच्याने मोजत डब्यात रिकामं करा. माझ्या पाकिटात ४७ चमचे निघाले, म्हणजे चमच्याला ५.३ ग्रॅम. काळपट भाजलेली कॉफी हलकी असते, तिचे चमचे जास्त निघतात. पाण्यासाठी अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीवर वाटी मोजा. पिशवीत सव्वातीन-साडेतीन वाट्या भरल्या तर तुमची वाटी दीडशे मिलीची.

मीनल_ठाणे
मी फिल्टर कॉफीची पावडर वापरते, चिकोरीवाली. चार चमचे घातले की कडू होते आणि दांडा खाली जाता जात नाही. मग दोनच घालू का?

बाबाबुदन
मीनलताई, ती पावडर प्रेससाठी फार बारीक आहे. जाळीत अडकते, म्हणून दांडा जड लागतो. प्रमाण कमी करून कडूपणा जाणार नाही, फक्त कॉफी पातळ आणि कडू लागेल. जाडसर दळून घ्या, मग चार चमचे घालून बघा. चिकोरीची चव आवडत असेल तर थोडी चालेल, तिचं नेमकं माप मात्र मी कधी बसवलेलं नाही.

अमेय७७
पाणचट असेल तर दहा मिनिटं ठेवलं की दाट होईल ना?

बाबाबुदन
थोडीशी होईल, पण पावडरच कमी असेल तर वेळ वाढवून ती कमी भरून निघत नाही. ४ मिनिटं ठेवा आणि लगेच सगळी ओतून घ्या. जीभ कोरडी पडेल अशी कडू लागली तर वेळ किंवा दळण तपासा. चव स्वच्छ पण फिकी असेल तर अर्धा चमचा वाढवा.

सायली_प
आज केली. माझी वाटी दीडशेचीच निघाली! दोन वाट्या पाणी, चार सपाट टेबलस्पून, चार मिनिटं. कपात साधारण २६० मिली आली, बाकी पाणी गाळाने शोषलं. काळी घेतली तर छान लागते. आईला दूध घालून दिली, तिला फिकी वाटली.

बाबाबुदन
दूध घालायचं असेल तर पावडर तेवढीच ठेवा आणि पाणी कमी करा. दीड वाटी पाण्याला चार चमचे, आणि वर अर्धी वाटी गरम दूध.

सायली_प
उद्या तसं करते. आणखी एक, रविवारी पाहुणे आहेत, बहिणीचा लिटरचा प्रेस आणणार आहे. तिथे सरळ तिप्पट, म्हणजे १२ चमचे आणि सहा वाट्या? की मोठ्या भांड्यात पाणी जास्त वेळ गरम राहतं म्हणून वेळ कमी करू? कुणी मोठ्या प्रेसमध्ये नेहमी करत असेल तर सांगा.