उत्तर: संदेश आत कसा जातो आणि थांबतो कसा

> "ॲड्रेनलिन पेशीत शिरतच नाही, मग आत संदेश पोचतो कसा? आणि थांबतो कसा?"

ॲड्रेनलिन हे संप्रेरक बाहेरून रिसेप्टरला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं की पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेल्या त्या प्रथिनाचा आतला भाग किंचित सरकतो. तिथे आतून टेकलेलं जी-प्रथिन म्हणजे संदेश पुढे नेणारं बटण; त्याचा अल्फा भाग मग जीडीपी हा छोटा रेणू सोडतो आणि एक फॉस्फेट जास्त असलेला जीटीपी घेतो. इथे बरेच जण चुकतात: जीडीपीला फॉस्फेट जोडलं जात नाही, अख्खा रेणूच बदलला जातो.

जीटीपीवाला अल्फा सुटा होऊन ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला चालू करतो. ते एटीपीपासून भराभर सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू बनवतं, आणि त्यामुळे प्रोटीन कायनेज ए हे विकर मोकळं होऊन इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडायच्या कामाला लागतं.

थांबण्याची सोय अल्फातच आहे. तो स्वतःच जीटीपी तोडून जीडीपी करतो आणि बंद पडतो. उरलेलं सायक्लिक एएमपी फॉस्फोडायएस्टरेज हे विकर संपवतं.

हे बटण अडकलं तर काय होतं, ते कॉलऱ्यात दिसतं. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीतल्या अल्फाला एडीपी-रायबोज हा रासायनिक गट चिकटवतं, त्यामुळे त्याला जीटीपी तोडता येत नाही. सायक्लिक एएमपी वाढतच राहतं, क्लोराइडचे मार्ग उघडेच राहतात, आणि क्लोराइडमागोमाग सोडियम व पाणी आतड्यात ओतलं जातं. रिसेप्टर मात्र पूर्ण धडधाकट असतो!