मदत हवी आहे: कथेतली रात्र पुढे सरकत नाही

लहान गावातला तरुण, सकाळी पहिली मोठी मुलाखत, आणि मी फक्त आदली रात्र लिहितोय. तो मित्राच्या खोलीवर उतरलाय. वडिलांनी कुणाकडून तरी मागून आणलेले बूट एक नंबर मोठे आहेत, म्हणून तो पुढच्या टोकात कागद कोंबतो, खोलीभर चालून बघतो, परत काढतो. इथवर कथा जिवंत वाटते.

मग तो अंथरुणावर पडतो आणि सगळं अडतं. घर, कर्ज, शाळा असे आठवणींचे सहा परिच्छेद येतात आणि तेवढा वेळ खोलीत काहीच घडत नाही. त्या काढल्या, तर ही नोकरी त्याला इतकी का हवी आहे ते कळत नाही.

एक उपाय करून पाहिला. वडिलांचा फोन येतो. मुलाखतीबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत, फक्त "बूट बसले का रे?" एवढंच विचारतात. तो "हो, अगदी बरोबर" म्हणतो. या एका खोट्यात मला बरंचसं घर सापडलं.

आता उरलेल्या आठवणी ठेवू की काढू? आणि शेवट पहाटे बूट घालताना करू, की मुलाखतीच्या दारापर्यंत जाऊ? तुमच्या कथेत असं झालं असेल तर कसं सोडवलंत, कृपया सांगा.