चार पातळ्यांचे नियम साध्या मजकुरात: आकडे घालायचे की स्पेस?

नाइलाजाने_सचिव
आमच्या सोसायटीचे अंतर्गत नियम वर्डमध्ये आहेत. आधी ३, त्याखाली (अ), त्याखाली (एक), आणि काही ठिकाणी त्याच्याही खाली (क). सभेआधी ते व्हॉट्सॲपवर आणि ईमेलने साध्या मजकुरात पाठवायचे आहेत, कारण निम्म्या लोकांच्या फोनवर फाईल धड उघडत नाही. पेस्ट केलं की सगळं डावीकडे येऊन चिकटतं. स्पेस देऊन पायऱ्या कराव्यात की ३.१.२ असे आकडे घालावेत? दोन्हींपैकी एकच सांगा, समिती दोन्हींवर भांडतेय.

टॅबद्वेष्टा
स्पेस. नियम वाचणाऱ्याला कुठलं कशाच्या पोटात आहे ते एका नजरेत दिसलं पाहिजे, आणि ते डोळ्याला पायऱ्यांनीच दिसतं. आकड्यांची साखळी घातलीत की पुढच्या वर्षी मध्ये एक नियम घुसवला जाईल आणि खालचे सगळे आकडे सरकतील. मग "३.४ प्रमाणे दंड" असं जिथेजिथे लिहिलंय ते शोधत बसा. दर पातळीला २ स्पेस द्या. टॅब मात्र अजिबात नको, कारण तो एका ठिकाणी ८ अक्षरांएवढा दिसतो, दुसरीकडे ४. माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे टॅब काढण्यात गेलंय.

कलमकसाई
बाई, आकडे घाला, आणि पूर्ण साखळीचे घाला. २२ वर्षं नियम आणि अधिसूचनांचे अनुवाद केले, म्हणून ठामपणे सांगतो.

स्पेसची पायरी तुमच्या संगणकावर छान दिसेल. फोनवर ओळ मोडते, आणि मोडलेला तुकडा थेट डाव्या कडेला जातो. नियमाचं वाक्य तीन ओळींचं असेल तर पहिल्या ओळीपुढे पायरी आणि खालच्या दोन ओळी सपाट, म्हणजे वाचणाऱ्याला तिथे नवा नियम सुरू झाल्यासारखा वाटतो. ईमेल एचटीएमएलमध्ये गेलं तर सुरुवातीच्या स्पेस गळून जाण्याचीही शक्यता असते, कारण एचटीएमएल सलग स्पेसना एकच धरतं.

पण खरं कारण वेगळं आहे. ग्रुपवर पूर्ण नियमावली कोणी वाचत नाही. कोणीतरी मधली एक ओळ उचलून "हे बघा काय लिहिलंय" म्हणून टाकतं. "(दोन) दोन दुचाकी" एवढंच पुढे गेलं तर कशातलं (दोन)? "३.१.२ दोन दुचाकी" गेलं तर ती ओळ आपला पत्ता बरोबर घेऊन जाते. स्पेसचा अर्थ वरच्या सगळ्या ओळी समोर असतील तरच लागतो.

प्राध्यापिका_रजेवर
मला वाटतं एक्सेलमध्ये टाका, एका रकान्यात क्रमांक आणि दुसऱ्यात नियम. आम्ही अभ्यासक्रमाचं तसंच केलं होतं. फक्त एक झालं, १.१० लिहिलं की एक्सेल त्याला संख्या समजून १.१ करून टाकतं. दोन "१.१" झाले आणि दहावा घटक पहिल्याचा जुळा झाला. मग रकाना मजकूर म्हणून ठेवला, तर सॉर्ट केल्यावर १.१० हा १.२ च्या वर जाऊन बसला. आणि अ, ब, क, ड लावलेल्या उपघटकांचं सॉर्ट झालं अ, क, ड, ब.

नाइलाजाने_सचिव
मॅडम, एक्सेल नको, त्याच लोकांना तेही उघडत नाही. पण अ, क, ड, ब कसं काय?

कलमकसाई
संगणक वर्णमाला मानतो. वर्णमालेत ब खूप खाली आहे. अ, ब, क, ड हा क्रम इंग्रजी एबीसीडीवरून आलेला आपला कार्यालयीन रिवाज आहे. त्यात क तिसरा, आणि क, ख, ग, घ लावणाऱ्याकडे क पहिला. बाईंच्या नियमांत (क) चौथ्या पातळीवर आहे. आता मला सांगा, तो (क) म्हणजे पहिला पोटनियम की (अ), (ब) नंतरचा तिसरा? कागदावर वर (अ), (ब) दिसतात म्हणून कळतं. एक ओळ सुटी केलीत की कळत नाही. अक्षरं काढून आकडे घाला, हा माझा हट्ट त्यासाठीच.

टॅबद्वेष्टा
अक्षरांचा घोळ मान्य. पण कलमकसाई, तुमच्या आकड्यांत एक भोक आहे आणि ते तुम्हाला माहीत असणार. हे बघा:

```
(अ) प्रत्येक सदनिकेला एक जागा:
  (एक) एक चारचाकी, किंवा
  (दोन) दोन दुचाकी.
परंतु भाड्याच्या सदनिकेला दरवर्षी
नवी परवानगी घ्यावी लागेल.
(ब) पाहुण्यांच्या गाड्या
```

"परंतु" ही ओळ (अ) च्या पायरीला आहे, म्हणून ती चारचाकी आणि दुचाकी दोघांनाही लागू. तीच आणखी दोन स्पेस आत ढकलली की ती फक्त (दोन) ची होते, मग भाडेकरूची चारचाकी परवानगीविना उभी राहते. आता स्पेस काढा आणि आकडे घाला. "परंतु" ला आकडा नाही. ती ३.१.२ च्या खाली सपाट बसली, म्हणजे वाचणारा ती ३.१.२ लाच चिकटवणार. कायदा लिहिणाऱ्यांनी ही ओळ कधी आकड्याने बांधलीच नाही, ती पायरीनेच बांधलेली असते.

कलमकसाई
हे बरोबर आहे. अनुवादात परंतुक कोणाचं यावर दुपारच्या दुपार गेल्यात. पण उपाय पायरी नाही, त्या ओळीला पत्ता देणं हा आहे:

```
३.१ प्रत्येक सदनिकेला एक जागा:
३.१.१ एक चारचाकी, किंवा
३.१.२ दोन दुचाकी.
३.१ परंतुक: भाड्याच्या सदनिकेला
दरवर्षी नवी परवानगी घ्यावी लागेल.
३.२ पाहुण्यांच्या गाड्या
```

परंतुक ज्या नियमाचं, त्याचा आकडा पुन्हा लिहायचा. दिसायला ओबडधोबड आहे, पण चुकीचा अर्थ निघत नाही. फक्त हे यंत्राने होणार नाही. वर्डमध्ये परंतुकाची ओळ बहुतेकदा यादीबाहेरचा साधा परिच्छेद असते, तिची पातळी फाईलमध्ये कुठे नोंदलेलीच नसते, नजरेने उजवीकडे सरकवलेली असते. सपाट करायच्या आधी बाईंनी अशा ओळी हाताने शोधायला हव्यात. "परंतु", "तथापि", "मात्र", "स्पष्टीकरण" या चार शब्दांवर शोध मारला तर बहुतेक सापडतील.

नाइलाजाने_सचिव
आत्ताच शोधलं, सात निघाल्या. त्यांतल्या दोन कोणाच्या आहेत ते समितीलाच माहीत नाही. एक जण म्हणतात संपूर्ण नियम ५ ची, दुसरे म्हणतात फक्त शेवटच्या पोटनियमाची.

टॅबद्वेष्टा
मग हे सभेआधीच कळलं हे बरंच झालं म्हणायचं.

ऐकून_वाचतो
मला दिसत नाही, मी एनव्हीडीए हा स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतो. पायरी वाचून दाखवायची सेटिंग त्यात आहे, पण मुळात ती बंद असते. चालू केली की आत सरकलेल्या ओळीआधी "चार स्पेस", "आठ स्पेस" असं ऐकू येतं. बोलण्याऐवजी टोनही लावता येतो, वरची पायरी, खालची पायरी सुरावरून ओळखायची. प्रोग्रॅम वाचताना मला ते आवडतं. पण सोसायटीचे नियम ऐकताना "आठ स्पेस" म्हणजे नक्की कोणाच्या आत, हे डोक्यात मोजत राहावं लागतं. "३.१.२" ऐकलं की काम झालं. तुमच्या सोसायटीत माझ्यासारखा कोणी आहे का, हे आधी विचारा.

टॅबद्वेष्टा
हे मला सुचलं नव्हतं. तरी मी म्हणेन दोन्ही ठेवा, आकडाही आणि पायरीही. पायरी गळली तरी आकडा राहील.

कलमकसाई
दोन्हीला माझी हरकत नाही, पण चौथ्या पातळीला ती पायरी फोनची किती रुंदी खाते ते बघा. माझ्या मते दोन स्पेसच्या वर नकोच, आणि नियम चार ओळींचा असेल तर ती फसवीच.

आता करायचं कसं ते. वर्डमध्ये त्या यादीच्या मल्टिलेव्हल खिडकीत दुसऱ्या पातळीवर "Include level number from" मधून पहिली पातळी निवडा, तिसरीवर पहिली आणि दुसरी, चौथीवर तिन्ही. प्रत्येक पातळीची अक्षरशैली काढून आकडेच ठेवा आणि मध्ये टिंब द्या. आता वर्ड स्वतःच ३.१.२ दाखवेल. मग Save As मध्ये Plain Text निवडा. पुढे खिडकी येते, तिथे Unicode (UTF-8) निवडायला विसरू नका. तिथे जुनं एन्कोडिंग राहिलं तर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, आणि खिडकीतला नमुना ते आधीच दाखवत असतो, पण आपण बघत नाही. ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून मग व्हॉट्सॲपला.

कोणी विचारेल, मूळ फाईलमध्ये आकडे टाईप केलेले नव्हते तर ते फाईलमध्ये आले कुठून? वर्ड आकडा मजकूर म्हणून साठवत नाही. परिच्छेदावर फक्त "ही यादी, ही पातळी" अशी खूण असते, आणि आकडा दाखवायच्या वेळी मोजला जातो. साध्या मजकुरात जाताना तो छापला जातो. म्हणून एखादा परिच्छेद यादीत नसेल तर त्याला आकडा येत नाही, आणि मध्येच कोणी आकडा हाताने टाईप केला असेल तर तो मोजणीत धरला जात नाही. तेही तपासा.

टॅबद्वेष्टा
आणि पुढच्या वर्षी नियम घुसवला की आकडे सरकणार, ते राहिलंच.

कलमकसाई
सरकू देऊ नका. कायद्याकडे बघा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी नवं प्रकरण घातलं, तेव्हा १५५ ला १८६ केलं नाही, १५४ ब-१ पासून १५४ ब-३१ पर्यंत अख्खं प्रकरण मध्ये बसवलं. तसंच ३.१ आणि ३.२ च्या मध्ये काही घालायचं असेल तर ३.१अ म्हणा, आणि रद्द केलेल्या नियमाचा आकडा रिकामा ठेवून "रद्द" लिहा.

टॅबद्वेष्टा
म्हणजे ज्या अक्षरांना हाकलून दिलंत ती मागच्या दाराने आली. आणि दहा वर्षांनी ३.१अ, ३.१अअ, ३.१ब. मी हे मान्य करणार नाही, दर आवृत्तीला तारीख घाला आणि आकडे नव्याने मोजा.

कलमकसाई
मग जुन्या दंडाच्या नोटिसा कोणत्या आवृत्तीच्या ३.४ वर होत्या, ते कोण लक्षात ठेवणार?

प्राध्यापिका_रजेवर
शोधताना अजून एक. आमच्याकडे मजकुराच्या फाईलमध्ये "३.१" शोधलं की ३.१० आणि ३.११ पण निघायचे. मुलाने हे दिलं होतं:

```
grep -E '^३\.१(\.|[[:space:]])' niyam.txt
```

याने ३.१ आणि त्याच्या पोटातलंच येतं. तुमचा तो "३.१ परंतुक" सुद्धा येईल असं वाटतंय.

कलमकसाई
येतो. आकड्यानंतर स्पेस आहे ना. तुमचा मुलगा बरा दिसतो.

नाइलाजाने_सचिव
आकडे घालतेय, पूर्ण साखळीचे. पायरी पहिल्या दोन पातळ्यांना देऊन माझ्या आणि सासूबाईंच्या फोनवर पाहिली. सासूबाईंनी अक्षर मोठं ठेवलंय, त्यांच्याकडे पायरी दुसऱ्या ओळीतच फसली, म्हणून काढून टाकली. सात परंतुकांपैकी पाच लागली, दोन सभेच्या विषयपत्रिकेवर टाकलीत. ३.१अ की नवी मोजणी हे सभेतच ठरू दे, मी त्यात पडत नाही.