एजिंग बिलाच्या तारखेपासून की ड्यू डेटपासून?

मूळ पोस्ट (धागाकर्ता, भोसरी): गेल्या वर्षभराच्या ४०० बिलांच्या पीडीएफमधून बिल तारीख, ड्यू डेट आणि बाकी काढून घेतली. एक्सेलमध्ये टाकून कुठलं बिल किती दिवसांचं झालंय हे दाखवणारं एजिंग दहा मिनिटांत तयार. माझं मत: बिलाच्या तारखेपासून सरळ दिवस मोजा, ड्यू डेटच्या भानगडीत पडू नका. अकाउंटंट लोक या कामाचा उगाच बाऊ करतात.

हिशेबनीस_सांगली: बावीस वर्षं लोकांची उधारी वसूल करून देतोय, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही. ३० दिवसांचं क्रेडिट दिलेला गिऱ्हाईक आणि ९० दिवसांचं दिलेला, दोघांची बिलं आज ७० दिवसांची झालीत असं समजा. तुमच्या पद्धतीत दोघं ६१ ते ९० च्या रकान्यात शेजारी बसणार. पहिल्यानं ४० दिवस थकवलंय, दुसऱ्याचे पैसे यायला अजून २० दिवस आहेत. सोमवारी फोन कोणाला करायचा, हे तुमचा रिपोर्ट सांगू शकत नाही.

आणि दहा मिनिटांत झालं म्हणता, तर काढलेल्या तारखा एकदा उघडून बघा. आमच्या एका अशिलाच्या कॉम्प्युटरवर एक्सेल अमेरिकन तारखेवर होतं. ३ एप्रिलचं बिल ०३/०४/२०२५, ड्यू ०३/०५/२०२५. एक्सेलनं वाचलं ४ मार्च आणि ५ मार्च. ३० जूनला खरं थकलेले दिवस ५८, रिपोर्टमध्ये ११७. त्या गिऱ्हाइकाला कडक पत्र गेलं आणि दहा वर्षांचे संबंध बिघडले.

उलटही होतं. बिल ०७/०२/२०२५ म्हणजे ७ फेब्रुवारी, ४५ दिवसांनी ड्यू २४/०३/२०२५. एक्सेलनं बिल २ जुलैचं केलं, आणि चोविसावा महिना नसल्यामुळे ड्यू डेट नुसता मजकूर म्हणून राहिली. वजाबाकीला `#VALUE!` आलं असतं तर कळलं तरी असतं. पण फॉर्म्युल्याला कोणीतरी `IFERROR(...,0)` लावून ठेवलेलं. ९८ दिवस थकलेलं बिल शून्य दिवसांचं होऊन पहिल्या रकान्यात निवांत बसलं.

धागाकर्ता: चूक तुमच्या अशिलाच्या सेटिंगची आणि राग माझ्या पद्धतीवर? माझी बिलं सगळी ४५ दिवसांची. बिलापासून मोजा नाहीतर ड्यूपासून, क्रम तोच राहतो.

कोटिंग_शिरोली: साहेब, क्रेडिट ४५ दिवस, पण कुठल्या दिवसापासून? माझं पावडर कोटिंगचं जॉबवर्क आहे. माल गेटवर उतरतो १ तारखेला. कंपनी माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, करते १८ ला आणि ४५ दिवस तिथून मोजते. माझ्या बिलावर छापलेली ड्यू डेट त्यांच्या लेखी कागदावरची शाई. गेल्या दिवाळीला कामगारांचा बोनस द्यायला बायकोचे दागिने गहाण टाकले, आणि तेव्हा त्यांच्या पोर्टलवर माझं एकही बिल 'ओव्हरड्यू' नव्हतं! मग पीडीएफमधली ड्यू डेट कितीही नीट काढली तरी उपयोग काय?

वाळूजचा_व्यापारी: कायदा ४५ दिवसांचा झालाय ना आता. सगळ्यांनी ४५ धरा, विषय संपला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खर्चाची वजावट अडवणारं आयकराचं ४३बी(एच) आल्यापासून कंपन्या घाबरतात. मीही उद्यम नोंदणी केलीये.

सीए_ठाणे: अर्धंच बरोबर आहे. लेखी करार असेल तर करारातली मुदत, पण ४५ च्या वर नाही. करारच नसेल तर १५ दिवस. संरक्षण सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला आहे, मध्यमाला ४३बी(एच) लागू नाही. व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती आहे, तुमच्या वसुलीला ती कामी येणार नाही.

शिरोलीकर, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्यात दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. पण माल पोचल्यावर १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही, तर प्रत्यक्ष पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. म्हणजे जीआरएन १८ ला केला तरी मोजणी १ तारखेपासून. डिलिव्हरी चलानावर गेटचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि शीटमध्ये 'माल पोचला' असा वेगळा रकाना ठेवा. ती तारीख बिलाच्या पीडीएफमध्ये सापडणार नाही.

वाळूजचा_व्यापारी: म्हणजे आम्ही व्यापारी माणसं नाही का? आमचे पैसे बुडले तर चालतात?

कोटिंग_शिरोली: शिक्का मागितला तर गेटवरचा माणूस गाडी दोन तास बाहेर उभी करतो. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते. तुमचा कायदा ठाण्यात बसून वाचायला सोपा आहे.

सीए_ठाणे: मान्य. ऑर्डर जाण्याच्या भीतीवर माझ्याकडे उपाय नाही.

हिशेबनीस_सांगली: मूळ विषयाकडे येतो. धागाकर्ते, सेटिंग कोणाचंही चुकू शकतं, म्हणून चूक पकडणारी तपासणी हवी. पीडीएफमधून तारीख काढताना दोन रकाने घ्या: छापलेला मजकूर जसाच्या तसा, आणि शेजारी वर्ष-महिना-दिवस या क्रमात. मग ड्यू वजा बिल करा. (B बिल तारीख, C ड्यू, `H1` मध्ये रिपोर्टची तारीख.)

```
=C2-B2
=IF(ISNUMBER(C2),$H$1-C2,"तपासा")
```

पहिल्याचं उत्तर तुमच्याकडे ४५ च यायला हवं. वरच्या एप्रिलच्या बिलाला करार ३० चा, उत्तर आलं १. उलटलेली तारीख तिथेच सापडते. नुसत्या `ISNUMBER` नं ती सापडत नाही, कारण उलटलेली तारीखही आकडाच असते.

धागाकर्ता: करून बघितलं. ४०० पैकी ३१ ओळींना ४५ आलं नाही. ठीक आहे, तारखांचं तुमचं खरं. पण बाकी तर बिलावरचीच घेतलीये, ती चुकायचं कारण नाही.

हिशेबनीस_सांगली: बिलावरची बाकी बिल छापलं त्या दिवसाची असते. नंतर आलेले पैसे त्या पीडीएफला कुठून कळणार? आजची बाकी खातेवहीतूनच घ्यायला हवी, आणि एजिंगच्या सगळ्या रकान्यांची बेरीज लेजरच्या येण्याशी जुळायला हवी. जुळली नाही तर रिपोर्ट कोणाला दाखवू नका. एक लाखाच्या जॉबवर्कवर १८ हजार जीएसटी, कंपनीनं २ टक्के टीडीएस कापून १,१६,००० पाठवले. टीडीएसची नोंद केली नाही तर २,००० जन्मभर शेवटच्या रकान्यात दिसतील, आणि तुम्ही न थकलेल्या पैशासाठी फोन करत राहाल.

सीए_ठाणे: बिलाची तारीख फेकून मात्र देऊ नका. तुमच्या गिऱ्हाइकानं बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याला घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं. वसुलीच्या फोनवर हे सांगता येतं, आणि ते दिवस ड्यू डेटवरून कळत नाहीत.

धागाकर्ता: म्हणजे बिलाची तारीख लागतेच. मी तेच म्हणत होतो.

हिशेबनीस_सांगली: तुम्ही ड्यू डेट सोडा म्हणत होतात. १८० दिवसांसाठी बिलाची तारीख लागते, एवढं मान्य.

कोटिंग_शिरोली: माझं एक राहिलंच. कंपनी ऑन अकाउंट ५० हजार टाकते, कुठल्या बिलाचे ते सांगत नाही. मी जुन्या बिलात वळते करतो, त्यांचा माणूस म्हणतो नव्या बिलाचे आहेत, जुन्याचा क्वालिटीचा वाद आहे. वाद कधी काढला? पैसे मागितल्यावर.

सीए_ठाणे: पैसे देताना त्यांनी बिल सांगितलं नसेल तर कुठल्या बिलात लावायचे हा हक्क तुमचा, करार कायद्याचं कलम ६०. पण ते लावलेत हे त्यांना त्याच आठवड्यात ईमेलनं कळवा.

हिशेबनीस_सांगली: मी तरी ते वेगळ्या रकान्यात ठेवतो, बिलात लावत नाही. जुन्या बिलात लावले की त्याचं वय रिपोर्टमधून नाहीसं होतं आणि वाद आहे हेच दिसत नाही.

सीए_ठाणे: आणि तुमच्या रिपोर्टमध्ये थकबाकी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. बँकेला तोच दाखवणार का?