‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फवारायचं की नाही?

> “हवामानाच्या मेसेजमध्ये ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ आला. फवारणी थांबवली, तर थेंब नाही. मग यावर भरवसा कसा ठेवायचा?”

हाच प्रश्न आमच्या गावात हवामानतज्ज्ञांच्या भाषणात एका काकांनी विचारला होता. तज्ज्ञांनी सांगितलं की ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर चौथाई भागात पाऊस. तुमच्या शिवारात पडेल असं कुणी म्हटलेलंच नसतं. त्यात आपला कोल्हापूर जिल्हा असा, की गगनबावड्यात धो धो आणि शिरोळात कडकडीत ऊन. म्हणून हवामान खात्याच्या मेघदूत अ‍ॅपवर तालुक्याचा पाच दिवसांचा तक्ता बघा. सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

‘हलका’ या शब्दावरही जाऊ नका. 24 तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर पाऊस त्यात बसतो, आणि पानावर नुसतं बसणारं बुरशीनाशक धुऊन जायला त्यातली एक सरही पुरते. आंतरप्रवाही औषध काही तासांत पानात शिरतं, त्यामुळे तिथे धोका कमी. शुक्रवारच्या तक्त्यात शनिवार कोरडा, रविवारी 8 मिलिमीटर असेल, तर शनिवारी सकाळीच उरका. वाऱ्याचा रकानाही बघा, ताशी 15 किलोमीटरच्या वर असेल तर फवारा शेजाऱ्याच्या रानात जातो.

सोयाबीनच्या पेरणीला मात्र अंदाज नव्हे, पडलेला पाऊस मोजायचा: 75 ते 100 मिलिमीटर. वळवाच्या एका सरीवर पेरणारे दरवर्षी भेटतातच! कुदळीने वीतभर उकरा, खाली कोरडी माती लागली तर थांबा.